यंदाच्या हापूसची बुकिंग सुरू (आणि आज आलेल्या एका फोनबद्दल)

मंडळी, बुकिंगची पोस्ट उद्या टाकणार होतो, पण सकाळी एक फोन आला आणि डोकं फिरलं म्हणून आत्ताच लिहितोय. पलीकडचे म्हणाले, "झाडावर पिकलेले पाठवा, पिवळेधमक, नाहीतर नको." मी म्हटलं, साहेब, हापूस झाडावर पिकू देत नाहीत. ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही पण पावडर मारता!" आणि फोन ठेवला.

खरं सांगू, हे फार लागलं. आमची बाग देवगडजवळ, वडिलांनी लावलेली कलमं आहेत, कार्बाइडची पुडी आमच्या खळ्यात कधी आली नाही. त्याच्यावर कायद्यानं बंदी आहे आणि तरी बाजारात चालतं हे तुम्हाला माहितीय, मला माहितीय. इथिलीन गॅसवर पिकवायला परवानगी आहे, ते नीट केलं तर वाईट नाही, हे मान्य. पण आम्ही पेंढ्यातच पिकवणार.

आता मुद्दा. हापूस झाडावर पूर्ण पिकू दिला तर आत साका धरायची भीती वाढते. बाहेरून सोन्यासारखा, कापला की आत पांढरट, स्पंजासारखा, चवीला आंबूस. म्हणून आंबा 'तयार' झाला की कडक असतानाच काढतात. तयार कसा ओळखायचा? खांदे भरून देठाच्या वर येतात, देठाजवळ खळगा पडतो, गडद हिरवा रंग फिका होतो. शंका आली तर एक कापून बघतो, बाठ्याजवळ पिवळसर झाला असेल तरच त्या कलमाला हात लावायचा. सकाळी लवकर, झेल्याने, थोडा देठ ठेवूनच काढायचा, कारण देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो आणि तिथूनच आंबा कुजायला लागतो.

म्हणजे तुमच्या घरी येणारी पेटी हिरवी आणि कडकच असणार. फसवलेलं नाहीये हो!

गेल्या वर्षी पुण्याच्या एका ताईंना अक्षय्य तृतीयेला रस करायचा होता. ऑर्डर चार दिवस आधी दिली, मी सांगितलं होतं जमणार नाही, तरी "पाठवाच" म्हणाल्या. पेटी पोचली सणाच्या आदल्या दिवशी, आंबे हिरवे बघून त्यांनी सगळे फ्रीजमध्ये टाकले आणि नंतर मला फोटो, "आंबट, चिवट, पैसे परत करा". पैसे परत केले. पण कडक हापूस फ्रीजमध्ये गेला की तिथेच थांबतो, साल काळवंडते, मग बाहेर काढून काही उपयोग नाही. वर्षभराची मेहनत त्या खालच्या कप्प्यात गेली याचं जास्त वाईट वाटलं.

म्हणून यंदा ऑर्डर देताना आंबे कधी खायचे ती तारीख सांगा. समजा 30 एप्रिलला घरी मुंज आहे. 20 च्या सकाळी काढणी, दिवसभर चीक सुकवून, प्रतवारी करून संध्याकाळी पेंढ्यात भरायचे, रात्रीचा टेम्पो, 21 ला पुण्यात. पुढचे आठ-नऊ दिवस पिकायला. मार्चमधला आंबा याहून जास्त वेळ घेतो, मेच्या उकाड्यात लवकर येतो, म्हणून दोन दिवस मागेपुढे धराच. पेटी आली की उघडा, आंबे पेंढ्यावर एका थरात मांडा, वर कागद. रोज बघा, मऊ झालेला आधी बाजूला. देठाजवळ वास सुटला, दाबल्यावर किंचित दबला, की पिकला. साल थोडी सुरकुतली तर घाबरू नका, तो सगळ्यात गोड. पिकल्यावर हवा तर फ्रीजमध्ये.

त्या ताईंना मी तेव्हा हे इतकं सविस्तर सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं का? माहीत नाही. पण यंदा त्यांचीच पहिली ऑर्डर आलीय, मुंबईच्या भावासाठी, आणि तारीख व्यवस्थित लिहून. बरं वाटलं.

हंगामाचं म्हणाल तर पहिल्या मोहोराचं फळ मार्चअखेर, थोडंच असतं आणि महाग. दुसऱ्या मोहोराचं एप्रिलचा दुसरा पंधरवडा ते मेचा मध्य, त्यातच बहुतेक पेट्या जातील. पाऊस पडला की काढणी बंद. ओल्या फळाला करपा येतो, फळमाशी बसते, वरून कळत नाही आणि आत अळी. मग "एकच पेटी द्या ना" म्हणून गळ घालू नका, देणार नाही. उन्हाने फळगळ जास्त झाली तर नंबर उशिरा लागेल, तेव्हा आगाऊ रक्कम हवी असेल तर परत.

एखादा आंबा डागी निघतोच, नाही म्हणत नाही. पेटी आल्या दिवशी फोटो पाठवा, बदली आंबे पुढच्या गाडीत.

पाच डझनाची पेटी, फळ मोठं असेल तर चार डझनाची. ऑर्डर इनबॉक्समध्ये द्या : नाव, शहर, किती पेट्या, आणि खायची तारीख. तारीख नसेल तर ऑर्डर धरणार नाही.