७९ रुपयांची बचत, म्हणे!

बिलाच्या तळाशी ठळक अक्षरांत छापलंय, ‘आपली बचत ७९.२०’. ते बिल समोर ठेवूनच हे लिहितोय आणि डोकं अजून शांत झालेलं नाही. बचत कसली? आईच्या महिन्याच्या गोळ्यांना मी नेहमीपेक्षा १९ रुपये ८० पैसे जास्त मोजून आलोय!

आईला बीपीची गोळी रोज एक लागते, एकाच गोळीत दोन औषधं असलेली. आमचा जुना केमिस्ट एमआरपीवर १० टक्के सोडतो. त्याच्याकडची स्ट्रिप १५ गोळ्यांची, एमआरपी १६५. महिन्याला दोन स्ट्रिपा, ३३० मधून ३३ वजा, २९७ रुपये. या वेळी त्याचं दुकान बंद होतं म्हणून चौकातल्या नव्या दुकानात गेलो. बाहेर हातभर बोर्ड: ‘सर्व औषधांवर २० टक्के सूट’. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, “दादा, ती कंपनी नाहीये, ही घ्या, सेम कंटेंट आहे.” कंटेंट सेम होता, ते मी वाचून पाहिलं. पण स्ट्रिप १० गोळ्यांची आणि एमआरपी १३२! तीन स्ट्रिपांचे ३९६, त्यातून ७९ रुपये २० पैसे वजा, हातात बिल ३१६ रुपये ८० पैशांचं.

आता एका गोळीचा हिशोब करा. जुन्या दुकानात सूट धरून गोळी ९ रुपये ९० पैशांना पडते. इथे २० टक्के सोडूनही १० रुपये ५६ पैशांना. दुप्पट सूट, तरी गोळी महाग! आणि घाईत माणूस काय बघतो? १६५ ची स्ट्रिप आणि १३२ ची स्ट्रिप. १३२ स्वस्तच वाटणार ना! स्ट्रिपेत गोळ्या किती, हे मोजायला लायनीत उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाला कोण वेळ देतं?

मुळात टक्केवारी कशाची, हे कुणी विचारतच नाही. ती असते छापलेल्या किमतीची, आणि छापणारी कंपनीच. सरकारच्या यादीतल्या औषधांना निदान कमाल किंमत बांधून दिलेली असते, आणि ती ठरवताना दुकानदाराचं मार्जिन १६ टक्के धरलेलं असतं. यादीबाहेरच्या औषधाची सुरुवातीची एमआरपी मात्र बहुतेक वेळा कंपनीच ठरवते, बंधन एवढंच की वर्षभरात १० टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही. मग मुळातच १३२ छापा, त्यातून २० टक्के सोडा आणि गिऱ्हाईक खूश! सरसकट २० टक्के सोडणाऱ्याला ते परवडतं याचा अर्थ एकतर त्याला वरून स्कीम मिळते, नाहीतर छापलेल्या आकड्यातच तेवढी हवा भरलेली असते. ती हवा आमच्याच खिशातून भरायची आणि वर ‘आपली बचत’ म्हणून आम्हालाच ऐकवायचं, याची चीड येते.

सुट्ट्या गोळ्यांचं तर विचारूच नका. मागच्या महिन्यात प्रवासात आईच्या गोळ्या संपल्या, सातच हव्या होत्या. तिथल्या दुकानदाराने आमचीच १५ ची स्ट्रिप काढली, कात्रीने सात गोळ्या कापल्या आणि ८५ रुपये मागितले. १६५ भागिले १५, म्हणजे गोळी ११ रुपयांना, सात गोळ्यांचे ७७. वरचे आठ कशाचे? म्हणे, “स्ट्रिप कापली की उरलेली खपत नाही.” अहो, २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात स्पष्ट लिहिलंय की सुट्ट्या गोळ्या स्ट्रिपेच्या प्रमाणातल्या किमतीपेक्षा जास्त दराने विकता येत नाहीत. सूट देणं न देणं त्याची मर्जी, पण ७७ च्या वर एक रुपया घेण्याचा त्याला अधिकार नव्हता.

आणि कापतात कसं बघा. किंमत, बॅच नंबर आणि एक्स्पायरी छापलेलं टोक दुकानातच राहतं. आपल्या हातात येतो तो नुसत्या नावाचा तुकडा, तेही अर्धवट कापलेलं. गोळी कितीची, कधीपर्यंतची, काही कळायला मार्ग नाही. मी ते टोक मागितलं, त्याच्यावरची किंमत त्याला वाचून दाखवली, तेव्हा कुठे ७७ घेतले, तेही तोंड वाकडं करून, जसे काही मीच त्याचे आठ रुपये बुडवले.

आता पाकिटात एक चिठ्ठी ठेवलीय: ‘आईची गोळी, ९.९०’. परवा नव्या दुकानात पुन्हा जाऊन काउंटरवर विचारलं, “स्ट्रिप आणि टक्के राहू द्या, सूट धरून एक गोळी कितीला?” पोराने कॅल्क्युलेटर काढला, आकडा बघितला आणि म्हणाला, “दादा, आम्ही असं नाही सांगत.”