सईजुईचा मामा

ताईच्या जुळ्या मुलींचा वाढदिवस जानेवारीत येतो, ऐन सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, आणि आमच्या घरात गिफ्टचं खातं माझ्याकडे आहे. ते कसं आलं ते सांगतो. गेल्या वर्षी सगळ्या नातेवाइकांनी मिळून जे काही आणलं ते बघून ताईने डोक्याला हात लावला होता. दोन सेम बॅगा (एक गुलाबी, एक जांभळी), दोन सेम वॉटरबॅगा (गुलाबी, जांभळी), दोन सेम बाहुल्या (सांगायलाच नको), वर एका काकांचा एकच कॅरम बोर्ड, 'दोघींत मिळून'. आणि कार्डावर सगळीकडे 'चि. सईजुई', मधे साधी जागासुद्धा नाही, जणू एकाच पोरीचं नाव आहे. सईने तेव्हा विचारलं होतं, आई, यातली सई कुठली? पोरगी सहा वर्षांची हो. ताई म्हणाली, यंदा तू बघ बाबा, तुला काय कामं असतात.

आता तुम्ही म्हणाल त्यात काय एवढं, दोघींना दोन वेगळ्या वस्तू द्यायच्या. द्या की. आमच्या आत्यांनी दिल्या होत्या ना पाचव्या वाढदिवसाला. सई हुशार म्हणून तिला सायन्सचं किट आणि जुई शांत म्हणून तिला भातुकली. परिणाम असा झाला की जुई वर्षभर भिंगाला हात लावेना, म्हणे ते सईचं असतं. भांडून नाही, अगदी समजुतीने म्हणायची, त्याचंच वाईट वाटायचं. जुळ्यांचं हेच आहे, लोकांना दोघींत फरक करायला काहीतरी लागतं, मग एक हुशार एक शांत, एक चित्रकार एक नाचरी अशा पाट्या लागतात आणि दर वाढदिवसाला गिफ्ट येऊन ती पाटी अजून घट्ट ठोकली जाते. प्रत्यक्षात जुईला चित्रं आवडतात आणि सईलाही आवडतात, दोघींना स्केचपेन पाहिजे असतील तर दोन पाकिटं आणायची, नावाची चिठ्ठी चिकटवून. संपणाऱ्या वस्तू सेमच बऱ्या. एकीचा काळा वाळला की दुसरीच्या पेनांवर धाड पडते.

मी ठरवलं की सरळ पोरींनाच विचारू. दोघींना समोर बसवून विचारणं म्हणजे वेळ फुकट, कारण सई जे बोलेल त्याच्यावर जुई 'मला पण' म्हणते, आणि जुई आधी बोलली तर सई मुद्दाम उलटं सांगते. आधी आलेली सई आहे, चार मिनिटांनी, आणि ती चार मिनिटं ती रोज वसूल करते. म्हणून मी एकेकीला स्कूटरवर घालून वेगवेगळ्या संध्याकाळी होम मैदानावर गड्ड्यात नेलं. ताईचं घर जुळे सोलापुरात (हो, जुळ्या जुळे सोलापुरातच राहतात, तो जोक सगळ्यांचा करून झालाय, रिक्षावाल्यांचासुद्धा), तिथून होम मैदानापर्यंत एकटी सई मागे बसून जेवढं बोलली तेवढं मी तिला वर्षभरात ऐकलं नव्हतं, कारण एरवी तिचं वाक्य जुई संपवते.

गड्ड्यात मी काहीच विचारलं नाही. फक्त कुठे पाय थांबतो ते बघत राहिलो. सई खेळण्यांच्या स्टॉलवरून सरळ पुढे गेली आणि एका गल्लेवाल्याच्या पेटीपाशी अडकली, तो सुटे पैसे काढताना कुलूप कसं उघडतो ते बघत. तिथून हलेचना. मग आठवलं, घरात कपाटाच्या किल्ल्या हरवतात त्या हिच्यामुळेच. दुसऱ्या दिवशी जुई. पाळणा नको, फुगा नको, ती शेंगदाणेवाल्याच्या काट्यासमोर उभी. तो पुडीत अजून चार दाणे टाकतो, काटा हलतो, हिचे डोळे हलतात. मला म्हणाली, मामा, माझा हात किती किलोचा असेल रे? म्हणजे जिला आम्ही शांत म्हणायचो ती गप्प बसून मोजमाप करत होती.

मग नवी पेठेत खरेदी. दुकानदार म्हणाला, जुळ्या हायत का, मग दोन सेम घ्या की ओ, भांडणं नाहीत, डिस्काउंट पण देतो. मी म्हटलं एक नंबर फिरवून उघडणारी पेटी द्या, आणि एक स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. त्याने माझ्याकडे असं बघितलं की हा माणूस पोरींना गिफ्ट द्यायलाय की किराणा दुकान काढायलाय. पेटी साडेसहाशे, काटा साडेचारशे. माझी बायको लगेच म्हणाली, दोनशेचा फरक पडला, जुईला वर एक टेडी घे. अजिबात नाही! सात वर्षांच्या पोरीला किंमत कळत नाही. तिला कळतं ते खोक्याचं आकारमान आणि आत किती नग आहेत ते. वर टेडी टाकला की जुईला दोन आणि सईला एक, मग संध्याकाळ गेलीच म्हणायची. काट्याचं खोकं चपटं होतं म्हणून दोन्ही वस्तू चपलांच्या एकाच मापाच्या खोक्यांत घातल्या, कागद वेगळे, कार्डं दोन, आणि प्रत्येक कार्डावर तिच्याबद्दलची एकच ओळ, जी दुसरीला लागूच होणार नाही. सईच्या कार्डावर किल्ल्यांचं लिहिलं, जुईच्या कार्डावर हाताच्या वजनाचं.

उघडण्याचा कार्यक्रम पण डोकं लावून करावा लागतो. सेम वस्तू असली की पहिलीने कागद फाडला की दुसरीचं सरप्राइज तिथेच मेलं. वेगळ्या असल्या तरी पहिलीचं बघून दुसरी आपल्या खोक्यावर आधीच संशय घेते. म्हणून दोघींना पाठीला पाठ लावून बसवलं आणि एकदमच फाडा म्हटलं. केक दोन होते, गाणंही दोनदा म्हटलं. शेजारचे काका दुसऱ्यांदा टाळ्या वाजवताना जरा कंटाळले, पण चालायचंच.

आणि लागलं हो! सई पेटीचे आकडे फिरवायला लागली, जुईने काट्यावर आधी लिंबू ठेवलं मग करंजी. पाच मिनिटं घरात शांतता. मग मोजणी सुरू झाली. सई म्हणाली, जुईला काटा आणि दोन सेल, म्हणजे तीन. माझ्या छातीत धस्स झालं. पण पेटीबरोबर जास्तीच्या दोन किल्ल्या आल्या होत्या, तीनास तीन, देवच पावला.

मी खुर्चीत टेकतोय तोवर जुईने सईची पेटी काट्यावर ठेवली. सातशे चाळीस ग्रॅम. मग म्हणाली, माझं गिफ्ट किती ग्रॅमचं आहे मामा? काटा स्वतःचं वजन कसं करणार, ते मी समजावून सांगत होतो तेवढ्यात सई म्हणाली, म्हणजे माझं जड आहे, आणि तिने पोरकटपणाची हद्द म्हणजे काट्यातले दोन्ही सेल काढून पेटीत टाकले, आकडे फिरवले आणि नंबर कोणालाच सांगेना.

अर्ध्या तासाने कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मी मालकाला, तुमच्या काट्यावर आमचा काटा तोलून द्या, असं सांगत होतो, आणि जुई शेजारी उभी राहून बजावत होती, मामा, सेल सोडून सांगू नको, ते पण माझेच आहेत.