चाळीस मिनिटांचा एपिसोड, चार तासांचं काम

पॉडकास्ट एडिटिंगच्या दरांवरच्या माझ्या लेखाखाली ही प्रतिक्रिया आली: "४० मिनिटांचा एपिसोड, त्यातले चार 'अं' कापायचे आणि दोन दिवस लावायचे! महिन्याला चार एपिसोडचे बारा हजार म्हणजे सरळ लूट आहे. पॅकेज हा तर ग्राहकाला अडकवायचा धंदा. आणि दुरुस्त्या किती वेळा करून देणार, तेही लिहिलेलं नाही."

दर महाग वाटला तर तसं म्हणा, त्यात गैर काहीच नाही. पण हिशेब न विचारता 'लूट' म्हणायचं, ही बोलायची रीत झाली का? इंदुरात बसून वर्षानुवर्षं याच कामावर घर चालवतोय, ते लोकांना लुटून नाही. दुरुस्त्यांचं मात्र मान्य, ते लिहायला हवं होतं: एक फेरी पॅकेजमध्येच, मिनिट-सेकंदासह एकच यादी, तीन दिवसांच्या आत.

आता ते 'चार अं'. समजा होस्ट इथे इंदुरात रामबागेत आहे, पाहुणे पुण्यात, बोलणं झूमवर. होस्टने स्वतःचा आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलाय, पण हेडफोन लावलेला नाही. मग पाहुण्यांचा आवाज स्पीकरमधून त्याच्या माइकमध्ये शिरतो आणि दोन्ही ट्रॅक जोडले की प्रत्येक वाक्य किंचित मागेपुढे दोनदा ऐकू येतं. खात्रीचा उपाय एकच: पाहुणे बोलत असताना होस्टचा ट्रॅक बंद करायचा, तासभराच्या रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक ठिकाणी, हाताने. दोघं एकदम बोलले असतील तिथे तोही उपाय चालत नाही. ते वाक्य काढायचं की तसंच ठेवायचं, हे ऐकूनच ठरवावं लागतं.

'अं' कापतानाही त्याला लागून असलेला श्वास अर्धवट कापला गेला, तर बोलणारा दचकल्यासारखा वाटतो. मधे निव्वळ शांतता सोडली तर पंख्याची घरघर मधेच तुटते आणि कानाला खड्डा लागतो, म्हणून त्याच खोलीतल्या रिकाम्या आवाजाचा तुकडा तिथे भरायचा. घरघर घालवायला नॉइज रिडक्शन जास्त लावलं, तर माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा येतो.

तासाभराचं रेकॉर्डिंग ऐकत खुणा करायला सव्वा तास, कापाकापीला दीड, आवाजाची पातळी जुळवायला अर्धा-पाऊण तास आणि शेवटी सलग ऐकायला ४० मिनिटं. झाले चार तास. चार एपिसोडचे सोळा, दुरुस्त्या आणि फाइलींची देवघेव धरून वीस. म्हणजे ताशी सहाशे रुपये, त्यातच सॉफ्टवेअर आणि वीज. करा भागाकार!

राहिले ते दोन दिवस. हे ४८ तास मोजायचे ते शेवटची फाइल हातात आल्यापासून. कापाकापीनंतर थकलेल्या कानांना स्वतःचे चुकलेले सांधे कळत नाहीत, म्हणून शेवटचं ऐकणं दुसऱ्या दिवशीच करतो. २४ तासांत हवं असेल तर दीडपट दर.

पॅकेज नको असेल तर सुटा एपिसोड साडेतीन हजारांना मिळतो. तो दर लेखात आहे, पूर्ण वाचला असतात तर दिसला असता.