थर्टीन की थर्टी?

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात मर्चंडायझर होते. लंडनच्या बायरबरोबर कॉल चालू होता, बाथ टॉवेलची ऑर्डर, ७० बाय १४०, ५०० जीएसएम. सगळं ठरलं आणि शेवटी तो बोलता बोलता माल कारखान्यातून कधी निघायला हवा ती तारीख म्हणाला. मला ‘थर्टिएथ’ ऐकू आलं. मागे मागांचा खडखडाट, त्याचा आवाज तुटतोय, त्यातून तो भरभर बोलणारा. मनात क्षणभर आलं होतं की विचारावं. पण शेजारी आमचे साहेब बसलेले, आणि परदेशी माणसाला मध्ये अडवायचं नाही हे पहिल्या दिवसापासून शिकवलेलं. मी ‘यस, यस, ओके’ म्हणाले.

तो ‘थर्टीन्थ’ म्हणाला होता. सतरा दिवसांचा फरक. मेल आला तेव्हा माल डाइंगमध्येच होता. न्हावा शेवाचं जहाज चुकलं, आणि ऑर्डरचा एक भाग कारखान्याच्या खर्चाने विमानाने पाठवावा लागला. त्या रात्री मला झोप लागली नाही. इंग्रजी येत नव्हतं म्हणून हे घडलं असं मी कधीच म्हणणार नाही, कारण मला इंग्रजी येत होतं. इंग्रजीत ‘पुन्हा सांगा’ कसं म्हणायचं, तेवढं येत नव्हतं.

आता माझ्या हाताखाली नवी मुलं-मुली येतात. बहुतेकांच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी कन्नड, शाळा मराठी. आपल्या सोलापुरात एका शेडमध्ये तीन भाषा चालतात. मागावरचा माणूस तेलुगूत बोलतो, डाइंगवाला कन्नडमध्ये, आणि आपण बिनदिक्कत विचारतो, ‘काय म्हणलात हो? परत सांगा की जरा.’ त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. तीच मुलं इंग्रजी कॉलवर गप्प होतात किंवा सगळ्याला यस म्हणतात. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी ‘प्लीज रिपीट’ बद्दल. आपल्याला वाटतं, प्लीज म्हटलं म्हणजे नम्र झालं. मराठीत नम्रपणा क्रियापदात असतो, ‘सांगाल का’, आणि ‘जरा’, ‘ना’, ‘की’ या छोट्या शब्दांत असतो. ‘जरा परत सांगता का’ हे इंग्रजीत आणताना हे छोटे शब्द गळून पडतात आणि उरतं ‘टेल मी अगेन’. समोरच्याला तो हुकूम वाटतो, प्लीज लावलं तरी. इंग्रजीत नम्रपणा ‘कुड यू’, ‘वुड यू माइंड’ मध्ये आणि सुरुवातीच्या ‘सॉरी’ मध्ये राहतो. ‘सॉरी, कुड यू से दॅट अगेन?’ एवढं पुरतं. नुसतं ‘व्हॉट?’ मात्र कधीच नको. आणि ‘आय हॅव अ डाउट’ हे आपल्याकडे शाळेपासून शंका विचारण्यासाठी म्हणतात, पण इंग्रजाला ते ऐकून वाटतं की तुमचा त्याच्यावर विश्वास नाही. त्याऐवजी ‘कॅन आय आस्क अ क्वेश्चन अबाउट दॅट?’

पण नम्र वाक्य पाठ झालं म्हणून काम भागत नाही. ‘कुड यू से दॅट अगेन’ म्हटलं की समोरचा काय करतो? तो मिनिटभराचं सगळं बोलणं पहिल्यापासून पुन्हा बोलतो, थोडं मोठ्याने, आणि तारखेशी येऊन पुन्हा तितक्याच भरभर निघून जातो. तुम्हाला हवा असतो एकच शब्द. म्हणून आधी कुठपर्यंत ऐकलं ते सांगायचं आणि मग फक्त राहिलेला तुकडा मागायचा.

माझ्या त्या कॉलवर मी असं म्हणायला हवं होतं: ‘सॉरी, द लाइन ब्रोक अप. आय हर्ड “एक्स-फॅक्टरी बाय”, अँड देन आय लॉस्ट यू. वॉज दॅट वन-थ्री ऑर थ्री-झीरो?’

या वाक्यात तीन गोष्टी आहेत. दोष लाइनवर टाकलाय, त्याच्या बोलण्यावर नाही. ‘यू आर नॉट क्लिअर’ म्हटलं तर तो समजतो की आपलं बोलणं गोंधळाचं आहे असं ही बाई म्हणतेय. ‘यू आर ब्रेकिंग अप’ म्हटलं की इंटरनेटचा दोष. दुसरं, त्याला कळतं की बाकीचं सगळं पोहोचलंय, त्यामुळे तो त्रासत नाही. तिसरं, आकडा सुटा करून विचारलाय.

हा सुटा आकडा आपल्याला नवा नाही. मोबाइल नंबर लिहून घेताना कुणी ‘एकोणसत्तर’ म्हणालं की आपण लगेच विचारतो, ‘म्हणजे सहा-नऊ ना?’ कारण एकोणसाठ, एकोणसत्तर यांत घोळ होतो हे आपल्याला ठाऊक असतं. इंग्रजीत तोच घोळ थर्टीन-थर्टी, फोर्टीन-फोर्टी, फिफ्टीन-फिफ्टी असा थेट नाइन्टीन-नाइन्टीपर्यंत आहे. एरवी थर्टीनमध्ये जोर शेवटच्या ‘टीन’ वर पडतो आणि तो लांबतो, थर्टीमध्ये जोर पहिल्या ‘थर्’ वर आणि शेवट आखूड. मराठीत जोर बदलल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान तिकडे जातच नाही. त्यात ‘थर्टीन कार्टन्स’ असा पुढे शब्द आला की इंग्रजी बोलणारेही जोर पहिल्या ‘थर्’ वर सरकवतात आणि फरक आणखी पुसट होतो. शेवटचा ‘न’ लाइनवर गेला की संपलंच. म्हणून कान तयार करण्याच्या भानगडीत पडू नका. दरवेळी वन-थ्री, थ्री-झीरो असंच विचारा. विमानाचे पायलट कंट्रोल टॉवरकडून आलेली सूचना परत म्हणून दाखवतात, आणि त्यांना ते बंधनकारक आहे. आपण दोन शब्द परत म्हटल्याने कुणी आपल्याला अडाणी समजत नाही.

मीटिंगला फोन नंबर लावून सामील होत असाल तर आणखी एक. साध्या टेलिफोन लाइनवर आवाजाचा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झचाच पट्टा जातो. ‘स’ आणि ‘फ’ यांचा बराचसा आवाज त्याच्या वर असतो, म्हणून एफ आणि एस ही अक्षरं सारखीच वाटतात. स्टाइल कोड घेताना ‘एफ फॉर फादर, एस फॉर सोलापूर’ असं म्हणून खात्री करा. आमचा एक बायर आता स्वतःच ‘एस फॉर सोलापूर’ म्हणतो.

आता ऐकू आलं पण कळलं नाही, ही वेगळी अडचण. इथे ‘से दॅट अगेन’ म्हणून उपयोग नाही, तेच न कळलेलं वाक्य परत येईल. ज्या शब्दावर अडलात तो शब्द उचलून त्याचा अर्थ विचारायचा: ‘व्हेन यू से “टेबल”, डू यू मीन डिस्कस इट टुडे, ऑर लीव्ह इट फॉर लेटर?’ हे उदाहरण मुद्दाम देतेय. ‘टेबल’ चा अर्थ ब्रिटनमध्ये विषय चर्चेला घेणं असा होतो आणि अमेरिकेत नेमका उलटा, विषय बाजूला ठेवणं. म्हणजे हा प्रश्न ते एकमेकांनाही विचारतात. दोनदा विचारूनही उलगडा झाला नाही तर तिसऱ्यांदा तोंडी विचारू नका. ‘कुड यू पुट दॅट इन द चॅट, प्लीज? आय वॉन्ट टू नोट इट करेक्टली.’ लेखी आलेलं पुढे कामालाही येतं.

सगळ्यांत जास्त भीती असते मध्ये बोलण्याची. आपण मोठ्यांचं बोलणं तोडत नाही, हा चांगला संस्कार आहे, पण कॉलवर त्याने नुकसान होतं. समोरासमोर बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी २०० मिलिसेकंद लागतात. नेटवरून आवाज पोहोचायलाच कधी कधी याहून जास्त वेळ जातो. त्याने श्वास घेतला म्हणून तुम्ही बोललात, तर तुमचा आवाज तिथे पोहोचेपर्यंत तो पुढच्या वाक्यात असतो. दोघांची टक्कर होते, तुम्ही सॉरी म्हणून मागे येता, आणि तो विषय निघून जातो. यात तुमचा उद्धटपणा नाही, हा उशिराचा खेळ आहे.

म्हणून पूर्ण प्रश्न घेऊन उडी मारायची नाही. आधी फक्त नाव घ्यायचं, ‘जेम्स, सॉरी’, आणि थांबायचं. पूर्ण एक सेकंद. नाव ऐकलं की माणूस थांबतो. तो ‘यस?’ म्हणाला की मग: ‘कॅन आय जस्ट चेक द डेट बिफोर वी मूव्ह ऑन?’ ‘बिफोर वी मूव्ह ऑन’ या शब्दांत अडवण्याचं कारण आलं, त्यामुळे कुणाला राग येत नाही. शेडच्या आवाजामुळे आमचा माइक म्यूटवर असतो. झूममध्ये स्पेसबार दाबून धरला की तेवढ्यापुरता माइक चालू होतो, Alt+Y ने हात वर होतो. टीम्समध्ये हात वर करायला Ctrl+Shift+K. कॉलवर बारा-पंधरा माणसं असतील तर हात वर करणं बरं. तिघे-चौघे असतील तर त्या हाताकडे कुणी बघत नाही, नाव घेऊन बोला.

टक्कर झालीच तर ‘सॉरी, गो अहेड’ म्हणा, पण विषय सोडू नका. त्याचं संपलं की: ‘कॅन वी गो बॅक टू द डेट फॉर अ मोमेंट?’

आणि ते ‘यस, यस’. आपण फोनवर ‘हं, हो, हो’ करतो ते ऐकतोय हे कळावं म्हणून. पलीकडे तो ‘यस’ कबुली म्हणून लिहून घेतला जातो. माझ्या प्रकरणात बायरच्या नोंदीत ‘कन्फर्म्ड’ असंच लिहिलेलं होतं, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं. आता ऐकताना मी कॅमेऱ्यासमोर मान हलवते. यस म्हणते ते फक्त आकडा परत म्हणून दाखवल्यावर.

साहेब लोकांना एक सांगायचंय, मनापासून. कॉल चालू असताना ज्युनिअरला व्हॉट्सअ‍ॅपवर ‘मध्ये बोलू नको’ असं पाठवू नका. तारीख, वजन, भाव लिहून घेण्याचं काम तुम्ही त्याच्यावर टाकलंय, तर विचारायचा हक्कही त्याचाच.

गेल्या मंगळवारी आमच्याकडे नवीनच लागलेली विडी घरकुलची मुलगी पहिल्यांदा एकटीने कॉल घेत होती. मी बाजूला बसले होते, बोलायचं नाही असं ठरवून. बायर पॅकिंगचं सांगत होता. ती म्हणाली, ‘जेम्स, सॉरी.’ थांबली. मग विचारलं, ‘आय हर्ड “पीसेस पर कार्टन”. वॉज दॅट वन-फाइव्ह ऑर फाइव्ह-झीरो?’

तो म्हणाला, ‘फाइव्ह-झीरो. गुड दॅट यू आस्क्ड.’

तिने माइक म्यूट केला आणि वहीत आकडा दाखवला. तिथे आधी १५ लिहिलेलं होतं, ते खोडून ५० केलेलं. ‘अक्का, मला फिफ्टीनच ऐकू आलं होतं,’ ती म्हणाली, आणि पुढचा मुद्दा लिहायला लागली.