सत्तेचाळीस रुपये कुठे गेले?

बेळगाव भागातल्या आमच्या गावच्या लक्ष्मी यात्रेचा हिशेब देवळात वाचून दाखवतात. एक जण वहीतून वाचतो, बाकीचे ऐकतात, आणि हल्ली एखादा पोरगा मोबाईलवर बेरीज मारत बसलेला असतो. वाचणारे आमचे अण्णा आता थकलेत. आकड्यांच्या रकान्यात त्यांना तीन आणि आठ सारखेच दिसतात, म्हणून ते 'अक्षरी' रकाना वाचतात. त्या दिवशी अण्णांनी वाचलं, पोरानं बेरीज मारली, आणि वहीतल्या बेरजेपेक्षा ४७ रुपये कमी आले.

४७ रुपयांसाठी कोण भांडतंय? पण देवीचा पैसा. शिवाय वही माझ्याकडे होती, म्हणजे सगळे माझ्याकडेच बघायला लागले.

आकडे मी लिहिले होते, पण अक्षरी रकाना भाचीकडून भरून घेतला होता. ती दहावीला आहे, कन्नड माध्यम. घरी मराठी बोलते, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. वहीतल्या बहुतेक रकमा पाचशे, हजार, दीड हजार अशा गोल होत्या. वाकड्या रकमा पाचच:

भाजी २,४६३
तेल १,८४९
फुलं ६७९
गॅस १,९५३
पानसुपारी ३८६

बेरीज ७,३३०. अण्णांच्या वाचनातून आली ७,२८३.

मी पतसंस्थेत वीस वर्षं कीर्द लिहिली आहे. तिथं एक जुनी खूण शिकवतात: फरकाला नऊनं भाग गेला की शेजारचे दोन अंक उलटे पडलेत असं समजून शोधायला लागायचं. ६३ चे ३६ झाले की फरक २७, म्हणजे नऊ गुणिले तीन, आणि हा तीन म्हणजे सहा आणि तीन यांच्यातलं अंतर. पण ४७ ला नऊनं भाग जात नाही. तेव्हा मी दुसरी खूण लावली. ही पतसंस्थेत कुणी शिकवली नव्हती, मराठी अक्षरी तपासून तपासून माझी मीच बसवली आहे: फरकातून दहा-दहा काढत जायचं. ४७, ३७, २७. सत्तावीसला नऊनं भाग जातो. म्हणजे दहाच्या दोन चुका आणि एक उलटापालट. अंतर तीनचं असलेली जोडी पाच ओळींत एकच, भाजीची ६३. आणि दहाची चूक होते ती शेवटी नऊ असलेल्या आकड्यात, का ते पुढं सांगतो. तशा ओळी दोनच, तेलाची ४९ आणि फुलांची ७९. वही उघडायच्या आधीच तिन्ही जागा सापडल्या.

उघडली तर तसंच होतं. 'चोवीसशे छत्तीस', 'अठराशे एकोणचाळीस', 'सहाशे एकोणसत्तर'.

आता ही पोरगी काय गाढव आहे का? उलट गणितात पुढं आहे. या चुका आळसाच्या नाहीत, विचार करून केलेल्या आहेत, आणि मला लिहायचंय ते यावरच.

कन्नडात ४९ म्हणजे नलवत्तोंबत्तु. आधी चाळीस, मग नऊ, दिसतं तसं म्हणायचं. मराठीत ४९ म्हटलं की चाळीसचा पत्ताच नाही. पुढच्या दशकाचं नाव घ्यायचं आणि त्याला 'एकोण' लावायचं. एकोण म्हणजे एक ऊन, एक कमी. एकोणपन्नास, पन्नासाला एक कमी. भाचीनं समोर ४ बघितला, चाळीस धरलं, शेवटी ९ म्हणून एकोण लावलं, झालं एकोणचाळीस. दहा रुपये उडाले. ७९ चं तेच. ७ दिसला म्हणून सत्तर, आणि एकोणसत्तर म्हणजे ६९. ही चूक नेहमी बरोबर दहाची आणि नेहमी कमीचीच असते. उलट बाजूनं, म्हणजे ऐकून आकडा लिहिताना, ती दहानं जास्त होते: 'एकोणसाठ' ऐकलं की हात ६९ लिहायला जातो.

६३ ची गोष्ट वेगळी. तिला विचारलं तर म्हणाली, "मामा, मराठीत उलटं म्हणायचं असतंय की!" खरंच आहे. कन्नडात अरवत्तमूरु, साठ आधी. मराठीत तीन आधी, साठ नंतर. पण तिनं शब्द उलटा करायच्या ऐवजी अंकच उलटे केले आणि आलेला ३६ मराठीत म्हटला, छत्तीस. नियम बरोबर, लावला दोनदा.

मग मी तिला विचारलं, एक ते शंभर म्हणून दाखव. एका दमात म्हणाली, एकही चूक नाही! एकोणपन्नास बरोबर, त्रेसष्टही बरोबर. आणि इथंच आपण मोठी माणसं फसतो. उजळणीत अठ्ठेचाळीसच्या पाठीमागं एकोणपन्नास येतोच, त्यात आकड्याकडे बघायची गरजच पडत नाही. यादीत ४९ एकटा येतो, मागं-पुढं कुणी नाही. ज्याला उजळणी येते त्याला यादी लिहिता येईल असं धरून चालणं साफ चूक आहे, आणि मी वीस वर्षं नवीन आलेल्या पोरांच्या बाबतीत ती करत आलो.

त्या रात्री आम्ही दोघांनी शंभराचा तक्ता मांडला, पण आडवा म्हणायच्या ऐवजी उभा म्हटला. तीनचा रकाना: तेवीस, तेहेतीस, त्रेचाळीस, त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव. असं म्हटलं की शेपटी वेगळी दिसते. वीस, तीस, चाळीस तशीच राहतात. पन्नासाचं वन्न किंवा पन्न होतं, साठचं सष्ट, सत्तरमधला स जाऊन हत्तर, ऐंशी तसंच, नव्वदचं ण्णव. म्हणजे आठच शेपट्या. यादी लिहिताना आधी डावा अंक बघून शेपटी मनात धरायची, मग उजवा अंक बघून तोंड लावायचं. लिहिताना तोंड आधी येतं, पण ठरवायची आधी शेपटी. उजवा अंक नऊ असेल तर मात्र तिथंच थांबायचं आणि एक दशक पुढं जायचं.

वन्न की पन्न, हा भाचीचा पहिला प्रश्न. एक्कावन्न, बावन्न, पंचावन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न. पण त्रेपन्न, चोपन्न, छप्पन्न. नीट ऐका. जिथं तोंड 'आ'नं संपतं तिथं वन्न, बाकी तीन ठिकाणी पन्न. 'प'चा 'व' होणं आपल्या भाषेत जुनं आहे. छप्पन्नमध्ये जोड 'प' होता म्हणून तो टिकला, संस्कृतातल्या षट्पञ्चाशत् मधला ट् 'प'मध्ये मिसळला.

सात आणि आठ तर जुळ्या भावांसारखे चालतात. सत्तावीस तर अठ्ठावीस, सदतीस तर अडतीस, सत्तेचाळीस तर अठ्ठेचाळीस, सदुसष्ट तर अडुसष्ट. एकाचं तोंड आलं की दुसऱ्याचं आपोआप. हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं, तेही दहावीतल्या पोरीबरोबर बसल्यावर.

आणि ज्याला सगळे घाबरतात ते शेवटचं टोक सगळ्यात सोपं निघालं. ऐंशी आणि नव्वदची तोंडं अगदी तीच आहेत: एक्क्या, ब्या, त्र्या, चौऱ्या, पंच्या, शहा, सत्त्या, अठ्ठ्या. पुढं ऐंशी लावा नाहीतर ण्णव लावा. भीती वाटते ती जोडाक्षरांची, नियम मोडल्याची नाही. खरा उनाड अंक म्हणजे सहा. सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर, शहाऐंशी, शहाण्णव. पहिले पाच पाठच करावे लागतात, त्याला इलाज नाही. शहात्तरला 'शहाहत्तर' लिहू नका एवढंच, दोन ह पैकी एक गेलाय.

२०१९ मध्ये महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर सांगत होत्या की लहान मुलांना जोडाक्षरं जड जातात आणि दक्षिणेकडच्या भाषांत दशक आधीच म्हणतात. मीही तेव्हा हसलो होतो. आमच्या बेळगाव भागात मराठी शाळांनाही कर्नाटकाची पुस्तकं, त्यामुळे तो वाद आम्ही लांबूनच बघितला. पण खरं तर आम्हाला तो रोज जगावा लागतो. बेळगावच्या रविवार पेठेत एकाच दुकानात अरवत्तमूरु आणि त्रेसष्ट दोन्ही ऐकू येतात आणि कुणी अडत नाही. आज वाटतं, बाईंचं म्हणणं लहान मुलांपुरतं बरोबर होतं. ४९ म्हणजे चाळीस आणि नऊ हे आधी डोक्यात बसलं पाहिजे, भाचीच्या डोक्यात ते आहेच. पण अक्षरी रकान्यात 'चाळीस नऊ' लिहून अण्णांच्या हातात दिलं तर त्यांनी ते चाळीस आणि नऊ अशा दोन रकमा म्हणून वाचलं असतं. वाचणाऱ्याच्या कानाला जे ओळखीचं तेच तिथं लिहायचं.

आणि कन्नड फार सरळ आहे असंही नाही हं. नऊ ओंबत्तु, ऐंशी एंबत्तु, नव्वद तोंबत्तु. बाजाराच्या गलक्यात हे तिन्ही वेगळे ऐकून दाखवा, मग बोला.

अक्षरीचा एवढा बाऊ का, असं एकानं देवळात विचारलंच. चेकवर आकडा आणि अक्षर जुळलं नाही तर १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या अठराव्या कलमाप्रमाणे अक्षरी रक्कम खरी धरतात. इंग्रजी आकड्यात एक रेघ ओढली की 1 चा 7 होतो, एकचा सात करायला अख्खा शब्द बदलावा लागतो. आमच्या वहीला तो कायदा लागू नाही, पण लागू असता तर देवीचे ४७ रुपये कायदेशीररीत्या गेले असते.

तिन्ही ओळी लाल शाईनं खोडून वर दुरुस्ती केली, शेजारी सही केली. अण्णांनी पुन्हा वाचलं, पोरानं पुन्हा बेरीज मारली, सात हजार तीनशे तीस. भाचीनं उभा तक्ता वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलाय. चिकटवता चिकटवता तिनं नऊचा रकाना खालपर्यंत वाचला आणि भर देवळात विचारलं, "एकोणनव्वदपर्यंत सगळे एकोण, मग शेवटचा नव्याण्णव कसा काय? एकोणशंभर का नाही?"

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि म्हणाले, "पुढची ओळ वाच गं."