ट्रफ १२ आला म्हणून लगेच डोस वाढवायचा का? (व्हॅन्कोमायसिनच्या पोस्टवरच्या प्रतिक्रियेला उत्तर)

"सर, एयूसी कागदावर छान दिसतं. आम्ही पुढच्या डोसआधी एक ट्रफ काढतो, १५ ते २० मध्ये ठेवतो, पेशंट बरे होतात. दोनदोनदा रक्त काढून क्षेत्रफळ मोजत बसायला वॉर्डात वेळ कुणाला आहे?"

डॉक्टर, नमस्कार. व्हॅन्कोमायसिनचा डोस ट्रफवरून, म्हणजे पुढच्या डोसआधीच्या सगळ्यात कमी लेव्हलवरून नाही, तर एयूसीवरून, म्हणजे दिवसभराच्या लेव्हलच्या आलेखाखालच्या क्षेत्रफळावरून ठरवा, हा माझ्या पोस्टचा मुद्दा. एक पेशंट धरू, ६० किलोचा, रक्तात एमआरएसए, क्रिएटिनिन स्थिर, आणि त्याला तीन दिवस दर १२ तासांनी १ ग्रॅम चालू आहे. सकाळी ८ ला ड्रिप लावली, ९ ला संपली, १० ला रक्त काढलं तर लेव्हल ३० आली आणि संध्याकाळी साडेसातला १२, दोन्ही मिलिग्रॅम प्रति लिटर. तुमच्या नियमाने हा कमी पडला, डोस वाढवा.

आता त्याच दोन आकड्यांतून पूर्ण आलेख काढून बघा. साडेनऊ तासांत ३० चे १२ झाले म्हणजे औषध साधारण ७.२ तासांत निम्मं होतंय, तासाचा वेग ०.०९६५. त्या वेगाने मागे गेलं तर ९ वाजता ३३ असणार आणि पुढे गेलं तर रात्री ८ ला ११.४. ड्रिप चालू असतानाच्या एका तासाचं क्षेत्रफळ साध्या समलंब चौकोनाने मिळतं, ११.४ आणि ३३ ची सरासरी, म्हणजे २२. उतरत्या भागाला मात्र सरळ रेषा लावू नका, कारण औषध आधी भराभर आणि मग हळू उतरतं, वक्ररेषा सरळ रेषेच्या खाली राहते, आणि सरळ रेषा धरली तर २४४ येतात जे खरे २२४ आहेत (३३ वजा ११.४, भागिले ०.०९६५). बेरीज २४६, दिवसात दोन डोस म्हणून दुप्पट, साधारण ४९३. २०२० च्या गाइडलाइनमध्ये गंभीर एमआरएसएसाठी, एमआयसी १ धरून, ४०० ते ६०० हे टार्गेट आहे. म्हणजे तुमचा "कमी पडलेला" पेशंट बरोबर मधोमध बसलाय! ट्रफ १६ करायला डोस १.४ पट केलात की एयूसी ६९० वर जातं, आणि किडनीला त्रास व्हायची शक्यता वाढते ती इथेच.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. याच पेशंटला तेच २ ग्रॅम दर ६ तासांनी ५०० मिलिग्रॅम करून दिले तर एयूसी तेच ४९३ राहतं, कारण ते फक्त दिवसाचा डोस आणि क्लिअरन्स यावर ठरतं (२००० भागिले ४.०६ लिटर प्रति तास). पण ट्रफ ११.४ चा जवळजवळ १६ होतो! औषध तेवढंच मिळालं, आणि तुमच्या कागदावर एक "कमी" नि दुसरा "बरोबर". लाइटचं मीटर बघा ना, पहाटे ३ ला किती वॉट चाललेत यावरून महिन्याचे युनिट कसे सांगणार? २००९ च्या गाइडलाइनने १५ ते २० सांगितलं ते एयूसी मोजायचा त्रास नको म्हणून, ट्रफ हा एयूसीऐवजीचा पर्याय होता, त्यामुळे तुम्ही शिकलात ते चूक नव्हतं.

तुमचा वेळेचा मुद्दा मात्र मला पटतो, आणि हिशोबापेक्षा गडबड सॅम्पलमध्येच जास्त होते. समजा १० चं रक्त ज्या लाइनमधून व्हॅन्कोमायसिन गेलं तिथूनच ओढलं आणि ३० ऐवजी ५० आले. एयूसी ६९५ दिसेल, कुणीतरी घाबरून डोस कापेल. म्हणून मी दरवेळी व्हॉल्यूम काढून बघतो, क्लिअरन्स भागिले वेग. खऱ्या आकड्यांनी ४२ लिटर येतात, म्हणजे किलोला ०.७, जे व्हॅन्कोमायसिनला शोभतं, पण ५० वाल्याने फक्त १९ येतात. ६० किलोच्या माणसात १९ दिसले की आधी सिस्टरना विचारा, रक्त कुठल्या हातातून आणि नक्की किती वाजता काढलं, चार्टवर छापलेली वेळ नको, खरी वेळ. ड्रिप संपल्या संपल्या काढलेलं पण चालत नाही, औषध अजून पसरत असतं, तासभर तरी थांबायचं.

आणि क्रिएटिनिन रोज चढत असेल तर हा दुप्पट करायचा हिशोब मुळात लावूच नका, आजचा आलेख उद्याचा नसतो, तिथे पुन्हा लेव्हल काढायची. दोन सॅम्पल जमतच नसतील तर बेशियन सॉफ्टवेअर एका लेव्हलवरही एयूसीचा अंदाज देतं, पेशंटचं वजन, क्रिएटिनिन आणि प्रत्येक डोसची खरी वेळ टाकायची, आणि तुम्ही आत्ता काढता तो ट्रफच त्यात चालतो.