ठिपके उतरले म्हणून नाडी उतरत नाही

«घड्याळातला तीन महिन्यांचा डेटा काढून स्कॅटर प्लॉट बनवले. पावलं जास्त त्या दिवशी रेस्टिंग पल्स कमी. झोप जास्त त्या रात्रीही पल्स कमी. तीन महिन्यांत पल्स सलग खाली आला. पुरावा समोर आहे: रोज दहा हजार पावलं आणि आठ तास झोप, बस्स, हृदय आपोआप सुधारतं.»

असा दावा कोणी केला, तर तो मानण्याआधी तपासून पाहावा. आधी पावलं. खालचे दहा दिवस मी मुद्दाम रचलेले आहेत. डावीकडे पावलं, उजवीकडे विश्रांतीची नाडी. स्प्रेडशीटमध्ये A आणि B या रकान्यांत उतरवून घ्या.

```
6000   63
7000   61
8000   62
9000   61
10000  63
7000   62
9000   62
2000   71
1000   74
3000   71
```

```
=CORREL(A1:A10,B1:B10)
=CORREL(A1:A7,B1:B7)
```

पहिलं सूत्र −०.९२ देतं. सहसंबंधाचा हा आकडा −१ ते +१ यांच्यामध्येच असतो, म्हणजे −०.९२ जवळजवळ सरळ रेषाच झाली. ठिपक्यांतून रेषा काढली तर ‘दर हजार पावलांमागे सुमारे दीड ठोका कमी’ असंही छातीठोकपणे लिहिता येईल. आता दुसरं सूत्र पाहा. त्यात शेवटचे तीन दिवस वगळले आहेत आणि उत्तर येतं शून्य. सहा हजार पावलांच्या दिवशी नाडी ६३, दहा हजारांच्या दिवशीही ६३.

ते तीन दिवस मी तापाचे धरले होते. ताप एक अंश सेल्सियसने चढला की नाडी साधारण दहा ठोक्यांनी वाढते, हा डॉक्टरांचा जुना ढोबळ हिशेब. तापात माणूस अंथरुणावर पडून असतो, त्यामुळे पावलंही घटतात. म्हणजे पावलं कमी झाली म्हणून नाडी चढली असं नाही. दोन्ही तापामुळे झालं. तीन महिन्यांत दोनदा सर्दी-ताप येऊन गेला तरी असे पाच-सात ठिपके कोपऱ्यात साचतात आणि सगळी रेषा आपल्याकडे ओढून घेतात. म्हणून आकड्याआधी चित्र पाहावं: ठिपक्यांचा एक गोळा आणि त्यापासून लांब एक पुंजका दिसला, तर त्या पुंजक्याच्या तारखा काढून त्या दिवशी काय झालं होतं ते आठवावं. लग्नाची वरात, रात्रीचा प्रवास, दारू, जुलाब, काहीही निघू शकतं.

नियमित व्यायामाने विश्रांतीची नाडी उतरते हे मला मान्यच आहे. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचण्यांमध्ये ते दिसलेलं आहे. पण तो परिणाम मुख्यतः दम लागेल अशा व्यायामाचा आहे आणि तो दिसायला काही आठवडे लागतात. हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं, म्हणून तेवढ्याच कामाला कमी ठोके पुरतात. हे आज चाललं आणि आज झालं असं होत नाही. त्यामुळे एकेका दिवसाचा ठिपका या प्रश्नाला मुळातच चुकीचा आहे. (दहा हजार हा आकडा तर १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावातून रूढ झाला.)

झोपेच्या आलेखात गोम वेगळी आहे. ‘रेस्टिंग पल्स’ नावाखाली प्रत्येक घड्याळ तीच गोष्ट मोजत नाही. काही घड्याळं जागेपणी शांत बसल्याची नोंद धरतात, काही झोपेतली धरतात, काही दोन्ही मिसळतात. तुमचं घड्याळ रात्रीतली सर्वांत खालची पातळी उचलत असेल, तर झोप लागल्यावर नाडी हळूहळू खाली येते हे लक्षात घ्या. साडेचार तासांत उठलात तर ती तळाला पोचायच्या आधीच मोजणी संपते. आठ तास झोपलात तर तळ सापडण्याची संधी जास्त. नाडी तीच, पण आकडा वेगळा. इथे झोपेने हृदयाला काही केलेलं नसून दोन्ही आकडे एकाच मोजणीतून निघाले आहेत. हे तपासणं सोपं आहे. सकाळी उठून बसण्याआधी मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा आणि तोच आकडा घेऊन आलेख पुन्हा काढा. रेषा विरली, तर ती घड्याळाची होती.

त्यातही आजारी माणूस जास्त झोपतो आणि त्याची नाडी चढलेली असते. मग झोपेच्या आलेखात दोन्ही टोकांना नाडी वर आणि मध्ये खाली, असा वाडग्यासारखा आकार येऊ शकतो. CORREL सरळ रेषेपुरतंच बघतं, ते अशा वेळी शून्याच्या आसपास आकडा देईल आणि खरा आकार हातातून निसटेल.

तीन महिन्यांच्या सलग उताराबद्दल: काळासोबत सरकणाऱ्या कोणत्याही दोन गोष्टींचा सहसंबंध भरघोस येतो. उडनी यूल या संख्याशास्त्रज्ञाने १९२६ सालीच अशा निरर्थक सहसंबंधांवर निबंध लिहिला होता. एप्रिलच्या उकाड्यात मोजायला सुरुवात केली आणि जुलैत थांबलात, तर उष्म्याने चढलेली नाडी पाऊस लागल्यावर तशीही थोडी उतरेल. त्याच काळात चालण्याचा उत्साह वाढला असेल, तर श्रेय पावलांना मिळेल. यावर उपाय म्हणजे मूळ आकड्यांऐवजी कालच्या तुलनेतला फरक घ्यायचा: आज पावलं किती वाढली, नाडी किती बदलली. उतार फक्त ऋतूचा असेल तर फरकांच्या आलेखात तो उरत नाही.

आणखी एक गंमत करून बघा. पावलांचा रकाना एक ओळ वर सरकवा, म्हणजे आजच्या नाडीसमोर उद्याची पावलं येतील. उद्याची पावलं आजची नाडी घडवू शकत नाहीत. तरीही ठिपके तसेच उतरले, तर हा आलेख कारणाची दिशा सांगू शकत नाही हे उघड आहे.

एकाच्या जागी सोसायटीतल्या पन्नास जणांचे ठिपके घेतले तर गोंधळ वाढतोच. कोणी रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल घेत असतो, त्याची नाडी गोळीने उतरलेली असते. कोणाचं थायरॉइड मंद असतं, त्यानेही नाडी उतरते, तर कोणाला रक्तक्षय असतो, त्याने ती चढते. कमी नाडी म्हणजे तंदुरुस्ती असं प्रत्येकाच्या बाबतीत नाही.

कारणच शोधायचं असेल तर स्वतःवर नीट प्रयोग करता येतो. चार-चार आठवड्यांचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्याआधी नाणं उडवा: छाप आली तर रोज अर्धा तास भरभर चालायचं, काटा आला तर नेहमीसारखं राहायचं. नाडी सकाळी बोटांनीच मोजा. आधीच्या तुकड्याचा परिणाम ओसरायला वेळ लागतो, म्हणून प्रत्येक तुकड्याचे पहिले दोन आठवडे हिशेबात धरू नका. दोन तुकड्यांनी काही कळणार नाही, सहा-आठ तरी हवेत. शेवटी तुलना छापेच्या तुकड्यांची काट्याच्या तुकड्यांशी करा, प्रत्यक्ष किती पावलं पडली त्यावरून नको. छाप येऊनही चालणं चुकलं ते दिवस बहुधा आजारपणाचे किंवा जागरणाचे असतात. ते काढून टाकले की नाण्याने बाहेर घालवलेला ताप मागच्या दाराने पुन्हा आत येतो.